जवळ आणले की दिवा मंद: दोन कॉइलमधील बिनतारी वीजवहनाचा प्रकरण अभ्यास

अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी बिनतारी वीजवहनाचे प्रात्यक्षिक मांडले जाते, तेव्हा त्यात हमखास एक क्षण येतो. दोन कॉइल समोरासमोर ठेवलेल्या असतात, दुसऱ्या कॉइलला जोडलेला छोटा बल्ब पेटलेला असतो, आणि तो अधिक प्रखर व्हावा म्हणून कोणीतरी दुसरी कॉइल पहिल्याच्या अगदी जवळ नेते. बल्ब उजळण्याऐवजी मंदावतो. कॉइल पुन्हा मागे घेतली की प्रकाश वाढतो, आणि आणखी मागे नेली की पुन्हा कमी होतो. अंतर वाढले की वीज कमी पोहोचते, एवढीच अपेक्षा धरून आलेल्या विद्यार्थ्याला हे पटत नाही, आणि पुष्कळदा मांडणीत काहीतरी बिघाड आहे असे समजून प्रयोग तिथेच थांबवला जातो. वास्तविक मांडणी बिनचूक असते. हे वर्तन नीट उलगडले, तर जुळणी, वारंवारता आणि ऊर्जेचा नाश या तिन्ही गोष्टी एकाच धाग्यात येतात, म्हणून या लेखात त्याच एका मांडणीचा हिशेब शेवटपर्यंत केला आहे.

मांडणी साधी आहे. प्लायवुडच्या चकतीवर २० सेंटीमीटर व्यासाची, दहा वेढ्यांची कॉइल गुंडाळलेली आहे आणि तशीच दुसरी कॉइल आहे. तार १८ गेजची, एनॅमलचा थर असलेली तांब्याची, म्हणजे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते तीच. अशा कॉइलचे प्रेरकत्व ४२ मायक्रोहेन्रीच्या आसपास येते. प्रत्येक कॉइलच्या एकसरीत ६८ नॅनोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर जोडला की दोन्ही मंडले सुमारे ९४ किलोहर्ट्झला अनुनादित होतात. पहिल्या मंडलाला दोन मॉस्फेटचा अर्धपूल चौकोनी तरंग पुरवतो, आणि त्याला सहा व्होल्टचा बेंच पॉवर सप्लाय जोडलेला असतो. दुसऱ्या बाजूला दाखवण्यासाठी जुन्या दुचाकीच्या इंडिकेटरचा सहा व्होल्ट, दहा वॉटचा बल्ब असतो, पण मोजमापासाठी ३३ ओहमचे दहा कार्बन फिल्म रोधक समांतर जोडून ३.३ ओहमचा भार तयार केलेला असतो. बल्बच्या तंतूचा रोध तो किती तापला आहे त्यावर बदलतो, त्यामुळे बल्ब डोळ्यांना दाखवण्यासाठी चांगला असला तरी हिशेबासाठी उपयोगाचा नाही.

या कॉइलचा गुणांक, म्हणजे इंग्रजी अक्षर Q ने दर्शवला जाणारा आकडा, ६० धरला आहे. तो तपासायला सोपा आहे. सिग्नल जनरेटरला एका वेढ्याची सैल कॉइल जोडून ती मुख्य कॉइलपासून थोडी दूर धरावी, कपॅसिटरवरचे व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहत वारंवारता फिरवावी, आणि शिखराच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज शिखराच्या ०.७ पट होते त्या दोन वारंवारता टिपून घ्याव्यात. त्यांच्यातील अंतराने अनुनादाच्या वारंवारतेला भागले की गुणांक मिळतो. ९४ किलोहर्ट्झला हे अंतर सुमारे १.६ किलोहर्ट्झ आले, तर गुणांक ६० आहे. त्याचाच दुसरा अर्थ असा की, कॉइलची प्रतिक्रिया सुमारे २५ ओहम असताना तिचा प्रत्यक्ष रोध ०.४२ ओहम आहे.

आता दुसरी कॉइल समोर येते तेव्हा काय घडते ते पाहू. पहिल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राचा काही भाग दुसरीतून जातो, आणि किती भाग जातो हे युग्मनांक k सांगतो. पहिल्या मंडलाच्या दृष्टीने दुसऱ्या मंडलाची उपस्थिती एखादा रोध एकसरीत वाढल्यासारखी भासते. या परावर्तित रोधाचे सूत्र असे आहे:

R_परावर्तित = (ωM)² / (R₂ + R_L)

येथे ω ही कोनीय वारंवारता, M हे परस्पर प्रेरकत्व, R₂ हा दुसऱ्या कॉइलचा रोध आणि R_L हा भार आहे. M वर्गात येते, ही या सूत्रातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. कॉइल जवळ आल्या की परावर्तित रोध झपाट्याने वाढतो, आणि स्रोताचे व्होल्टेज ठरलेले असल्यामुळे पहिल्या कॉइलमधील विद्युतधारा तितक्याच वेगाने घटते. धारा घटली की स्रोतातून शक्तीच कमी निघते. बल्ब मंदावण्याचे कारण हे आहे. त्यात वीज वाया गेलेली नसते, ती स्रोताकडून मागितलीच गेलेली नसते.

सहा व्होल्ट पुरवठा आणि ३.३ ओहम भार धरून, मॉस्फेटचा साधारण ०.१ ओहम रोध मिळवून आणि दोन्ही कॉइल एकाच अक्षावर ठेवून हिशेब केला, तर पुढील आकडे मिळतात. ते वर्तुळाकार कॉइलच्या सूत्रावरून काढलेले आहेत. प्रत्यक्ष टेबलावर ते थोडे पुढे-मागे होतात, पण त्यांचा कल बदलत नाही.

| अंतर | युग्मनांक | स्रोतातून शक्ती | भारात शक्ती | कार्यक्षमता |
|---|---|---|---|---|
| ५ सेंमी | ०.२७ | ०.५८ वॉट | ०.४९ वॉट | ८५% |
| १० सेंमी | ०.१२ | २.५ वॉट | १.८ वॉट | ७३% |
| १५ सेंमी | ०.०६ | ६.४ वॉट | ३.१ वॉट | ४८% |
| २० सेंमी | ०.०३४ | १०.२ वॉट | २.५ वॉट | २४% |

शेवटचे दोन स्तंभ एकमेकांशेजारी ठेवून वाचले की प्रकरणाचा गाभा समोर येतो. कार्यक्षमता अंतरासोबत सतत घटत जाते, त्यात कोठेही चढ नाही. भारात पोहोचणारी शक्ती मात्र आधी वाढते, सुमारे १६ सेंटीमीटरवर कमाल होते आणि मग उतरते. त्या कमाल बिंदूवर परावर्तित रोध हा पहिल्या बाजूच्या स्वतःच्या रोधाएवढा झालेला असतो. म्हणजेच बल्ब सर्वांत तेजस्वी दिसतो तेव्हा स्रोताची निम्मी शक्ती पहिली कॉइल आणि मॉस्फेट तापवण्यात खर्च होत असते. बल्बच्या प्रकाशावरून कार्यक्षमता ठरवणारा प्रेक्षक नेमक्या चुकीच्या जागेला उत्तम म्हणून निवडतो, आणि म्हणूनच असे प्रात्यक्षिक दाखवताना स्रोताच्या बाजूचा अँमीटर प्रेक्षकांना दिसेल असा ठेवणे मला अत्यावश्यक वाटते.

याच सूत्रातून एक धोकाही निघतो. दुसरी कॉइल पूर्णपणे बाजूला काढली तर परावर्तित रोध शून्य होतो आणि पहिल्या कॉइलमधून पाच अँपियरहून अधिक धारा वाहू लागते. त्या वेळी कपॅसिटरवर सुमारे १३० व्होल्ट असतात, शिखरमूल्य १८० च्या पुढे जाते, आणि हे सारे सहा व्होल्टच्या पुरवठ्यावर घडते. सहा व्होल्ट आहेत म्हणून विद्यार्थी उघड्या जोडांना निर्धास्तपणे हात लावतात, तेव्हा हा आकडा त्यांना आधीच सांगितलेला असावा. सप्लायची धारामर्यादा दोन अँपियरवर ठेवावी, कपॅसिटर ६३० व्होल्टचा घ्यावा, आणि हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीला मांडणीपासून दूर ठेवावे.

जुळणीचा विचार करताना अंतर, सरकणे आणि कलणे या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, कारण त्यांचा परिणाम सारखा नसतो. कॉइल तिरकी केली तर होणारा तोटा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा कमी असतो. तीस अंशांचा कल दिला तरी तिच्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह साधारण कोसाइनच्या प्रमाणात, म्हणजे १३ टक्क्यांच्या आसपास घटतो, आणि कॉइल जवळ असताना तिची एक कड पहिल्या कॉइलकडे झुकल्यामुळे ही घट आणखी भरून निघते. नव्वद अंशांना मात्र युग्मन शून्य होते, आणि तेथे बल्ब पूर्ण विझतो. बाजूला सरकवण्याचे वर्तन निराळे आहे. पाच सेंटीमीटरच्या अंतरावर दुसरी कॉइल हळूहळू आडवी सरकवत नेली, तर तिच्या एका भागातून क्षेत्ररेषा एका दिशेने आणि उरलेल्या भागातून उलट्या दिशेने जाऊ लागतात. केंद्रांमधील अंतर व्यासाच्या पाऊण पटीपेक्षा थोडे अधिक झाले की हे दोन्ही भाग एकमेकांना रद्द करतात आणि त्या जागी वीज पोहोचत नाही. आणखी पुढे सरकवले की बल्ब पुन्हा किंचित पेटतो. ऑसिलोस्कोपवर पाहिले तर या जागेच्या अलीकडे आणि पलीकडे दुसऱ्या कॉइलमधील तरंगाची कला १८० अंशांनी पालटलेली दिसते. पुस्तकातील क्षेत्ररेषांची आकृती इतकी स्पष्टपणे हाताखाली जाणवण्याचे प्रसंग फार थोडे आहेत, म्हणून या निरीक्षणासाठी वेळ राखून ठेवावा.

येथे एक सावधगिरी लागते. पाच सेंटीमीटरवर कॉइल थोडी बाजूला सरकवली, तर बल्ब अधिक उजळतो, कारण युग्मन कमी झाल्यामुळे परावर्तित रोध कमी होतो. चुकीची जुळणी चांगली, असा निष्कर्ष त्यातून काढला जाऊ नये, यासाठी जुळणीचे प्रयोग १६ सेंटीमीटरच्या पलीकडे करावेत किंवा प्रत्येक वेळी स्रोताची शक्तीही नोंदवावी.

वारंवारतेचा प्रश्न याच घोळातून पुढे येतो. कॉइल जवळ असताना मंद झालेला बल्ब उजळवण्यासाठी विद्यार्थी वारंवारता फिरवून पाहतो आणि त्याला यश येते. पाच सेंटीमीटरवर ९४ किलोहर्ट्झला प्रकाश कमी असतो, पण ८४ आणि १०९ किलोहर्ट्झच्या सुमारास दोन स्वतंत्र शिखरे सापडतात, आणि तेथे भारातील शक्ती सुमारे तिप्पट होते. दोन अनुनादित मंडले घट्ट युग्मित झाली की त्यांच्या एकत्रित मंडलाला एकाऐवजी दोन नैसर्गिक वारंवारता येतात. त्या ढोबळमानाने f₀/√(1+k) आणि f₀/√(1−k) जवळ असतात, आणि भारामुळे येणाऱ्या मंदनाने थोड्या आत सरकतात. कॉइल दूर नेताना ही शिखरे एकमेकांकडे सरकतात आणि शेवटी ९४ किलोहर्ट्झवर एक होतात. त्यामुळे जवळ असताना ८४ किलोहर्ट्झवर पक्की केलेली मांडणी दूर नेली की जवळजवळ विझते, आणि दोष अंतराच्या माथी मारला जातो. वर दिलेल्या तक्त्याशी तुलना केली तर त्या शिखरावर शक्ती वाढली तरी कार्यक्षमता ८५ वरून ७५ टक्क्यांच्या आसपास उतरलेली असते.

शिखराच्या नेमक्या कोणत्या बाजूला राहावे, याला व्यवहारात उत्तर आहे. अर्धपुलाला भार थोडा प्रेरक स्वरूपाचा लागतो, म्हणजे धारा व्होल्टेजच्या किंचित मागे असावी लागते, तेव्हाच मॉस्फेट आपल्यावरचे व्होल्टेज उतरल्यानंतर चालू होतो. शिखराच्या थोड्या वरच्या बाजूला हे साधते. खालच्या बाजूला गेले की धारा पुढे जाते, प्रत्येक आवर्तनात मॉस्फेटला समोरच्या डायोडमध्ये साठलेला विद्युतप्रभार उपसावा लागतो, आणि हीटसिंक हाताला चटका देतो. कॉइल थंड आणि मॉस्फेट गरम असेल, तर आधी वारंवारता तपासावी.

दोन्ही मंडलांची वारंवारता एकच असणेही गृहीत धरता येत नाही. पाच टक्के सूट असलेले दोन कपॅसिटर उलट टोकांना असले, तर अनुनादाच्या वारंवारता जवळपास पाच टक्क्यांनी, म्हणजे चार-पाच किलोहर्ट्झने वेगळ्या पडतात. त्यातून सुमारे अडीच ओहमची अतिरिक्त प्रतिक्रिया निर्माण होते. दुसऱ्या मंडलात ३.३ ओहमचा भार आधीच असल्यामुळे तेथे ती फारशी खुपत नाही. पहिल्या मंडलाचा एकूण रोध मात्र २० सेंटीमीटरवर ०.७ ओहमच्या जवळ असतो, आणि तेथे तीच अडीच ओहम धारेला तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आणते. म्हणून पहिल्या मंडलाची वारंवारता जनरेटरशी बारकाईने जुळवावी आणि दुसऱ्याला थोडी सवलत द्यावी. टेबलाचा लोखंडी सांगाडा किंवा ॲल्युमिनियमचा ट्रे जवळ असेल तर हा मेळ पुन्हा बिघडतो. ॲल्युमिनियममध्ये आवर्त धारा निर्माण होऊन कॉइलचे प्रेरकत्व घटते आणि अनुनाद वर सरकतो. लोखंडात त्याशिवाय उष्णतेचाही मोठा तोटा होतो. कॉइलखालचा ट्रे काढून पुन्हा गुणांक मोजला की हे लगेच कळते.

आता ऊर्जा नेमकी कोठे जाते ते पाहू. पहिला वाटा तारेचा. या तारेचा एकदिश रोध ०.०९ ओहम एवढाच आहे, पण ९४ किलोहर्ट्झला धारा तांब्याच्या पृष्ठभागाजवळच्या सुमारे ०.२ मिलिमीटरच्या थरात वाहते, त्यामुळे तारेचा गाभा जवळजवळ रिकामा राहतो. त्यात भर म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या वेढ्यांच्या क्षेत्रामुळे धारा प्रत्येक तारेच्या एका बाजूला ढकलली जाते. पृष्ठपरिणामाने रोध पावणेदोन पटींच्या आसपास होतो, आणि ०.४२ ओहमपर्यंतचा उरलेला बराच फरक या शेजारपरिणामाचा असतो. वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीइतकी फट सोडून कॉइल गुंडाळली, तर प्रेरकत्व थोडे कमी होऊनही गुणांक वाढतो. जाड तार वापरली की तोटा कमी, हा ५० हर्ट्झचा अनुभव येथे चालत नाही.

दुसरा वाटा कपॅसिटरचा, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पॉलिप्रॉपिलीनऐवजी हाताशी असलेला बहुस्तरीय सिरॅमिक कपॅसिटर लावला, आणि त्याच्या नष्टांशाचे प्रमाण दोन टक्के असले, तर २५ ओहमच्या प्रतिक्रियेवर त्याचा रोध अर्धा ओहम होतो. तो कॉइलच्या संपूर्ण रोधाहूनही जास्त आहे. गुणांक ६० वरून ३० च्या खाली उतरतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये हाच रोध ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. दोन मिनिटे चालवून बोटाने स्पर्श करून पाहण्याआधी पुरवठा बंद करावा, आणि मग गरम लागलेला कपॅसिटर बदलून टाकावा.

भाराला एकदिश वीज हवी असेल, तर रेक्टिफायर हा तिसरा वाटा ठरतो. मुख्य पुरवठ्याच्या रेक्टिफायरमध्ये वापरतात तो साधा डायोड ५० हर्ट्झसाठी बनलेला असतो. येथे एक आवर्तन साडेदहा मायक्रोसेकंदांत संपते आणि तेवढ्यात तो पुरता बंदही होत नाही, म्हणून उलट दिशेची धारा त्यातून वाहत राहते. शॉट्की डायोड वापरले तरी पुलात दोन डायोड एकावेळी वाहक असतात, आणि भारावर तीनच व्होल्ट असताना त्यांनी घेतलेले जवळपास ०.८ व्होल्ट हा फार मोठा हिस्सा ठरतो.

हे आकडे मोजताना साधा मल्टिमीटर दुसऱ्या बाजूला लावू नये. त्याची प्रत्यावर्ती पट्टी काहीशे हर्ट्झपर्यंतच विश्वासार्ह असते, आणि ९४ किलोहर्ट्झला तो आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवतो. स्रोताची बाजू एकदिश असल्यामुळे तेथे तो चालतो. भारावरचे व्होल्टेज ऑसिलोस्कोपने मोजावे. दोन प्रोब एकाच वेळी दोन्ही बाजूंना लावले तर त्यांच्या भू-क्लिप ऑसिलोस्कोपमधून एकमेकांना जोडल्या जातात, हेही ध्यानात ठेवावे.

राहिला प्रश्न २० सेंटीमीटरवरच्या २४ टक्क्यांचा. ही मर्यादा अंतराने घातलेली आहे असे म्हणण्याआधी भार तपासायला हवा. मॉस्फेट बाजूला ठेवून केवळ दोन कॉइलचा विचार केला, तर या अंतरावर १० ओहमच्या भाराला १४ टक्के, ३.३ ओहमला २८ टक्के आणि सुमारे १ ओहमला ३९ टक्के कार्यक्षमता मिळते. कॉइल त्याच, अंतर तेच, फक्त भार वेगळा. प्रत्येक अंतरासाठी एक अनुकूल भार असतो, आणि त्या भारावर मिळणारी कमाल कार्यक्षमता केवळ k आणि Q यांच्या गुणाकारावर ठरते:

η = (kQ)² / (1 + √(1 + (kQ)²))²

२००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने ६० सेंटीमीटर व्यासाच्या कॉइल वापरून दोन मीटरवरचा ६० वॉटचा दिवा सुमारे ४० टक्के कार्यक्षमतेने पेटवला, त्यामागे हेच सूत्र होते. व्यासाच्या तिपटीहून अधिक अंतरावर k अत्यल्प असतो, पण त्यांनी सुमारे १० मेगाहर्ट्झला चालणाऱ्या कॉइलचा गुणांक ९५० च्या आसपास नेला होता. वारंवारता वाढवली की प्रतिक्रिया वारंवारतेच्या प्रमाणात आणि पृष्ठपरिणामाचा रोध तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून गुणांक वर चढतो. मात्र आपल्या अर्धपुलाचे मॉस्फेट त्या वेगाने उघड-बंद होऊ शकत नाहीत, त्यामुळे महाविद्यालयीन टेबलावर १०० किलोहर्ट्झच्या आसपास राहून तारेचा रोध कमी करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

त्यासाठी लिट्झ तार वापरावी. केसाएवढ्या, प्रत्येकी ०.१ मिलिमीटरच्या आणि स्वतंत्र एनॅमल असलेल्या अनेक तारांचा हा पीळ असतो, आणि प्रत्येक तार पृष्ठथरापेक्षा बारीक असल्यामुळे तिचा सगळा छेद वापरला जातो. याच आकाराच्या कॉइलचा गुणांक १५० पर्यंत गेला, तर २० सेंटीमीटरवरची कमाल कार्यक्षमता ३९ वरून ६८ टक्क्यांच्या जवळ पोहोचते. त्याचे यश डाग देण्यावर अवलंबून आहे. टोकाचा प्रत्येक धागा एनॅमल जाळून किंवा गरम सोल्डरच्या भांड्यात बुडवून कथिलाखाली आला पाहिजे, कारण न जोडलेला धागा धारा वाहत नाही, तरीही क्षेत्रात राहून आवर्त धारेचा तोटा मात्र देत राहतो. एकदिश रोध मोजून असे काही धागे सुटले आहेत हे ओळखणे कठीण जाते. वर सांगितलेल्या पद्धतीने पट्टीची रुंदी मोजावी: गुणांक १५० असेल तर ती सुमारे ०.६ किलोहर्ट्झ येते, आणि एक किलोहर्ट्झच्या जवळ आली तर कॉइल पुन्हा गुंडाळण्याआधी दोन्ही टोके कापून नव्याने डाग द्यावेत.